‘थांब’ म्हणायला लागतो तेवढा वेळ

चाकण परिसरातील एका कारखान्याने दोन वर्षांपूर्वी मला सुरक्षा-प्रशिक्षणाच्या चित्रफितीची संहिता लिहिण्याचे काम दिले. वाहनांना लागणारे लहान-मोठे पत्र्याचे भाग तेथे पॉवर प्रेसवर ठोकून काढले जातात. कारखान्याकडे आधीची एक चौदा मिनिटांची चित्रफीत होती. तिच्यात एक निवेदक गंभीर आवाजात चोवीस नियम वाचून दाखवत असे आणि प्रत्येक नियमासोबत त्याला साजेसे एक चित्र येत असे. नवीन कामगार रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला ती दाखवायची आणि रजिस्टरवर त्याची सही घ्यायची, अशी पद्धत होती. हीच चित्रफीत थोडी आकर्षक करून द्यावी, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

काम हाती घेण्यापूर्वी मी आठवडाभर आधी रुजू झालेल्या नऊ जणांशी एकेकट्याने बोलले आणि चित्रफितीतले काय लक्षात राहिले ते विचारले. बहुतेकांनी हेल्मेट आणि बूट सांगितले, दोघांनी मोबाइल वापरू नये असे सांगितले आणि एकाने आग लागल्यावर कोणत्या दाराने बाहेर पडायचे ते अचूक सांगितले. प्रेस शॉपमध्ये जे खरोखर जाते ते बोट असते, आणि बोटाबद्दल कोणीही काही बोलले नाही. नियमांच्या यादीत मात्र तो नियम होता. सातव्या क्रमांकावर स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते : ‘चालू मशीनमध्ये हात घालू नये.’

या एका वाक्याचे पुढे काय झाले, तेवढेच येथे लिहिणार आहे. चित्रफितीत अखेर चार प्रसंग आले, परंतु माझी खरी शिकवणी या एका प्रसंगाच्या लेखनात झाली.

लिहायला बसण्याआधी मी तीन पाळ्या प्रेसच्या ओळीत, पिवळ्या पट्ट्यांच्या अलीकडे, एक स्टूल टाकून बसले. कामगारांना ‘तुम्ही नियम पाळता का’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते, म्हणून तो प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. ‘आज पार्ट किती वेळा अडकला आणि मग तुम्ही काय केलेत?’ एवढेच मी जेवणाच्या सुट्टीत विचारत असे. या प्रश्नाला प्रत्येकाकडे भरपूर उत्तर होते. पत्र्यावर तेल जास्त लागले की ठोकलेला पार्ट वरच्या डायला, म्हणजे आकार देणाऱ्या साच्याच्या वरच्या भागाला, चिकटून वर जातो आणि रॅम, म्हणजे तो भाग खाली-वर नेणारा प्रेसचा जड ठोकळा, वर पोचल्यावर तेथेच लटकत राहतो, हे मला पहिल्याच दिवशी समजले. ब्लँक, म्हणजे ठोकण्यासाठी कापून आणलेला पत्र्याचा तुकडा, तिरका बसला तर पार्ट खालच्या डायमध्ये रुतून बसतो. कापलेल्या भोकाचा तुकडा कधी कधी खाली न पडता भोक पाडणाऱ्या पंचाबरोबर वर येतो आणि पुढच्या पार्टवर त्याचा ठसा उमटतो. या तीनही वेळी काम थांबते, हातात काहीतरी घ्यावे लागते किंवा हातच पुढे करावा लागतो, आणि हे एका पाळीत पाच-सात वेळा सहज घडते.

तेथे एक ज्येष्ठ ऑपरेटर होते. गाव तुळजापूरकडचे, प्रेसवर अठरा वर्षे काढलेली. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्ध्यातून गेलेली होती. मी त्यांना त्याबद्दल आपणहून काही विचारले नव्हते. तिसऱ्या दिवशी चहा घेताना तेच म्हणाले, “ताई, तुम्ही लिहिणार असाल तर एक लिहा. मी निष्काळजी नव्हतो.”

जुन्या चित्रफितीत एक वाक्य होते : ‘बहुतांश अपघात कामगारांच्या निष्काळजीपणामुळे होतात.’ दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, ती चित्रफीत सर्वांना एकत्र बसवून दाखवली जाई आणि त्या वाक्याला सभागृहातले काही जण यांच्या हाताकडे पाहत, हे त्यांनी मला सांगितले.

“काका, त्या दिवशी काय झालं होतं?” मी विचारले.

“पार्ट चिकटला होता. मी पेडलवरचा पाय काढला, मग हात घातला. पाय पेडलवर नव्हता, हे मी देवाशपथ सांगतो. प्रेसनं डबल मारला.”

मी हे वहीत उतरवून घेतले, पण खरे सांगायचे तर तेव्हा माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. अपघातानंतर माणूस स्वतःला सावरण्यासाठी असे काही सांगत असावा, असे मला वाटले. संध्याकाळी देखभाल विभागाच्या प्रमुखांना मी विचारले तेव्हा त्यांनी मला मागच्या ओळीतील दोन जुन्या प्रेसजवळ नेले आणि बाजूचे झाकण काढून आतले काम दाखवले. जे समजले ते असे.

त्या कारखान्यातील नव्या प्रेसमध्ये मोटरची गती रॅमला जोडणारा क्लच हवेवर चालतो. दोन्ही हातांनी दोन बटने दाबून धरल्याशिवाय त्यांचा रॅम खाली येत नाही, आणि समोरच्या प्रकाश-पडद्यात, म्हणजे प्रकाशकिरणांच्या जाळीत, हात आला की तो वाटेतच थांबतो. जुन्या दोन प्रेसना मात्र रोलिंग-की क्लच आहे. त्यात फ्लायव्हील, म्हणजे मोटरने फिरणारे जड चाक, सतत फिरत असते. पेडल दाबले की एक खटका सुटतो, स्प्रिंगच्या जोरावर एक चावी फिरून फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि रॅम खाली येऊन वर जातो. एक फेरी पूर्ण झाल्यावर खटक्याने ती चावी पुन्हा बाहेर काढायची असते. एकदा चावी बसली की फेरी पूर्ण होईपर्यंत जगातली कोणतीही गोष्ट त्या रॅमला अर्ध्यावर थांबवू शकत नाही, म्हणूनच अशा प्रेसवर प्रकाश-पडदा बसवून काही उपयोग होत नाही. आणि खटका झिजला असेल, स्प्रिंग तुटली असेल किंवा पेडलची दांडी अडकली असेल, तर फेरी संपल्यावर चावी बाहेर येत नाही आणि कोणी काही न करता रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. यालाच कामगार ‘डबल मारणे’ म्हणतात. काकांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

त्या रात्री मी सातव्या नियमाकडे पुन्हा पाहिले आणि त्यातील अडचण मला प्रथमच दिसली. ‘चालू मशीनमध्ये हात घालू नये’ हे काकांना मान्य होते, सर्वांनाच मान्य होते. परंतु सुरक्षा विभागाच्या लेखी फ्लायव्हील फिरत असेल तोवर मशीन ‘चालू’ असते, आणि ऑपरेटरच्या लेखी रॅम हलत असेल तेव्हाच ते ‘चालू’ असते. पाय पेडलवरून काढला, रॅम वर जाऊन उभा राहिला, की त्याच्या दृष्टीने मशीन थांबलेले आहे. तो नियम मोडत नव्हता, त्याला समजला तसा तो पाळतच होता. नियम दहा वेळा मोठ्या अक्षरांत लिहून हा फरक कोणाच्या लक्षात आला नसता, कारण दोन्ही बाजू एकच शब्द उच्चारून आपापल्या अर्थाने मान डोलावत होत्या.

त्यामुळे प्रसंगाचे काम माझ्यापुरते ठरले. ऑपरेटरच्या मनातील ‘आता मशीन थांबले आहे’ हा समज ज्या क्षणी हाताला पुढे नेतो, तो क्षण पडद्यावर आणायचा आणि तेथेच तो समज मोडायचा. कारखान्यातील इतर तेवीस गोष्टी त्या प्रसंगात अजिबात आणायच्या नाहीत.

पहिला मसुदा मी उत्साहाने लिहिला आणि तो सपशेल चुकला. त्यात एक तरुण ऑपरेटर मोबाइलवर बोलत बोलत काम करतो, पार्ट अडकतो, तो बेफिकिरीने हात घालतो आणि किंकाळी ऐकू येते, असे होते. सहा कामगारांना बसवून मी तो वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी त्यातील एक जण म्हणाला, “मॅडम, असं आमच्यात कुणी करत नाही.” मोबाइलवर बोलत प्रेस चालवणारा माणूस दाखवल्याबरोबर प्रत्येकाने मनात ठरवले होते की हे माझ्याबद्दल नाही. ज्या पात्राला पाहून प्रेक्षकाला आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत असे वाटते, ते पात्र त्याला काहीच शिकवू शकत नाही. दुसऱ्या मसुद्यातला ऑपरेटर मी तेथील सर्वांत चांगल्या कामगारासारखा घडवला. तो हातमोजे घालतो, बूट घालतो, ब्लँक नीट रचून ठेवतो, नवीन हेल्परला प्रेमाने शिकवतो. त्याच्या काउंटरवर ११४० आकडा आहे, बाराशे पूर्ण करायचे आहेत, पाळी संपायला थोडाच वेळ उरला आहे आणि कंपनीची बस वेळेवर सुटते. आता पार्ट अडकला की त्याचा हात का पुढे जातो, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

किंकाळीही मी काढून टाकली. त्या सभागृहात बोटे गमावलेली माणसे बसणार होती. स्वतःच्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण त्यांना इतरांच्या उपयोगासाठी पुन्हा पाहायला लावण्याचा मला अधिकार नव्हता. शिवाय रक्त दिसले की माणसे मान वळवतात, असे मी इतर चित्रफिती दाखवताना पाहिले होते. मान वळली की ज्या बारकाव्यासाठी प्रसंग लिहिला तोच निसटतो.

दुसऱ्या मसुद्यात आणखी एक दोष होता आणि तो मला एका नवीन मुलाच्या प्रश्नामुळे समजला. ऑपरेटर एका वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीने, बोटे डायच्या आत नेऊन, अडकलेला पार्ट दोनदा सफाईने काढतो आणि तिसऱ्यांदा रॅम खाली येतो, अशी मी रचना केली होती. चुकीच्या सवयीमुळे काही काळ कसे निभावते, हे दाखवण्याचा माझा हेतू होता. वाचन संपल्यावर त्या मुलाने अगदी मनापासून विचारले, “ती वाकडी पट्टी कुठं मिळते?” त्याने दोन वेळा यशस्वी झालेली युक्ती पाहिली होती आणि ती उचलली होती. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते : चुकीची कृती पडद्यावर पूर्ण होऊ द्यायची नाही. हात निघतो, डायच्या कडेपर्यंत येतो आणि तेथेच चित्र गोठते. पूर्णत्वाला जाते ती फक्त योग्य कृती, आणि तीसुद्धा एवढ्या सावकाश की कोणत्या हाताने काय उचलले हे शेवटच्या रांगेतूनही दिसावे.

परंतु योग्य कृती नेमकी कोणती? जुन्या यादीत त्याचे उत्तर होते : ‘मशीन बंद करून मगच अडकलेला पार्ट काढावा.’ मी ते तसेच लिहून देखभाल प्रमुखांकडे नेले. ते म्हणाले, “एकदा बंद करून बघू या.” त्यांनी जुन्या प्रेसची मोटर बंद केली आणि मला घड्याळ लावायला सांगितले. मोटरचा आवाज लगेच थांबला, फ्लायव्हील मात्र साडेतीन मिनिटे फिरत राहिले. त्या साडेतीन मिनिटांत चुकून पेडल दबले किंवा खटका निसटला असता तर फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या जोरावर रॅम खाली आला असता. म्हणजे यादीतला नियम अक्षरशः पाळून लाल बटन दाबणारा आणि लगेच हात घालणारा माणूसही सुरक्षित नव्हता. अशा वेळी संहिता लिहिणाऱ्याने यंत्राजवळ उभे राहून प्रत्येक वाक्य तपासून घेतले नाही, तर ती संहिताच एखाद्याचा हात घेऊ शकते, ही जाणीव मला त्या साडेतीन मिनिटांत फार तीव्रतेने झाली.

तेव्हा योग्य कृतीचे दोन टप्पे ठरले. पहिला टप्पा ऑपरेटरचा : हात बाहेर ठेवून लांब चिमट्याने पार्ट काढून पाहायचा. हा चिमटा ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा असतो, कारण चुकून रॅमखाली सापडला तर चिमटा चेपतो आणि डाय वाचते. एका प्रयत्नात पार्ट निघाला नाही तर मोटर बंद करायची, मागे सरकायचे आणि डाय सेटरला, म्हणजे प्रेसवर डाय बसवणाऱ्या कारागिराला, बोलवायचे. दुसरा टप्पा सेटरचा : फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे, वरच्या आणि खालच्या डायच्या मध्ये रॅमला खाली येऊ न देणारा सेफ्टी ब्लॉक उभा करायचा आणि त्यानंतरच हात आत न्यायचा. चित्रफितीत हे सर्व एकाच प्रसंगात कोंबण्याचा मोह मला झाला होता. ऑपरेटरला त्याच्या वाट्याचे तीन हातवारे लक्षात राहणे अधिक गरजेचे होते, म्हणून सेटरचा भाग वेगळ्या, फक्त सेटरांना दाखवायच्या प्रसंगात नेला.

हे लिहून झाल्यावर मी पुन्हा प्रेसच्या ओळीत गेले आणि चिमटे शोधू लागले. सहा प्रेसमागे एक चिमटा होता आणि तो सुपरवायझरच्या कपाटात कुलपात होता, कारण तो हरवत असे. मी काकांना नवा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि विचारले, “बंद करून सेटरची वाट बघायची, त्यात पंधरा मिनिटं जाणार. ही पंधरा मिनिटं कुणाच्या नावावर?”

या प्रश्नाचे उत्तर संहितेत लिहिता येण्यासारखे नव्हते. दर तासाच्या उत्पादनाच्या तक्त्यात डाय बदलणे, वीज जाणे, माल नसणे यांना रकाने होते. पार्ट अडकल्यामुळे थांबलेल्या वेळेला रकाना नव्हता. तो वेळ ऑपरेटरच्या कामात मोजला जाई. सुपरवायझर कधीही ‘हात घाल’ असे म्हणत नसत. ते म्हणत, “बघ जरा लवकर.” एवढ्या तीन शब्दांत चिमटा, सेटर आणि साडेतीन मिनिटे यांचा निकाल लागत असे.

मी व्यवस्थापनाला एक पानभर पत्र लिहिले. त्यात माझी मागणी अशी होती की प्रत्येक प्रेसला स्वतंत्र चिमटा टांगावा, तक्त्यात ‘पार्ट अडकला’ असा रकाना घालावा आणि तिसऱ्या पाळीतही एक सेटर हजर असावा. यांतील निदान पहिल्या दोन गोष्टी झाल्याशिवाय हा प्रसंग चित्रित करू नये. जी कृती प्रत्यक्षात करताच येत नाही ती पडद्यावर दाखवली, तर अपघातानंतर ‘तुला तर दाखवले होते’ असे म्हणण्यापुरताच तिचा उपयोग होईल, हेही मी त्यात लिहिले. आणि मुख्य मुद्दा असा मांडला की रोलिंग-की क्लचच्या प्रेसवर खरे संरक्षण डायभोवतीच्या पक्क्या गार्डनेच मिळते, ज्याच्या फटीतून पत्रा आत जाईल पण बोटे जाणार नाहीत. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ यंत्राचे धोकादायक भाग पक्के बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी सांगत होते. चित्रफीत ही त्यानंतरची गोष्ट आहे, आणि गार्डच्या जागी ती कधीच उभी राहू शकत नाही.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. चिमटे आले आणि रकानाही आला. तिसऱ्या पाळीसाठी कायमचा सेटर मिळाला नाही. त्याऐवजी सेटर नसेल तेव्हा अडकलेला प्रेस सकाळपर्यंत बंद ठेवून ऑपरेटरला दुसऱ्या मशीनवर पाठवायचे, असा लेखी आदेश निघाला. दोन जुन्या प्रेसपैकी एकावर पक्का गार्ड बसवण्यात आला आणि त्या प्रेसपुरता माझा प्रसंग अनावश्यक ठरला. मी तो आनंदाने काढून टाकला. दुसऱ्या प्रेसवर वेगवेगळ्या आकारांच्या डाय चढत असल्याने प्रत्येकीसाठी वेगळा गार्ड बनवावा लागणार होता. ते काम पूर्ण होईपर्यंत तेथे प्रसंगाची गरज उरली.

आता ‘मशीन थांबले आहे’ हा समज पडद्यावर कसा मोडायचा, हा प्रश्न होता. क्लचचा आराखडा हलत्या चित्रातून दाखवावा, अशी एक सूचना आली. मी ती करूनही पाहिली, पण चावी, खाच आणि खटका यांत पाहणाऱ्याचे लक्ष गुंतते आणि हात विसरला जातो. उत्तर मला दुसऱ्याच एका गोष्टीत सापडले. त्या प्रेसचा वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांचा होता. म्हणजे एका फेरीला सुमारे सव्वा सेकंदापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो आणि त्यातला निम्मा, साधारण पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ, रॅम खाली येण्याचा असतो. कारखान्यात सगळेच म्हणत, “हेल्पर समोर असतो, त्याचं लक्ष असतं, काही झालं तर तो ओरडेल.” आम्ही रिकामा प्रेस, डाय उतरवून आणि कोणालाही जवळ न ठेवता, सुपरवायझरांच्या देखरेखीखाली चालवला आणि हेल्परला लांब उभे केले. रॅम हलताना दिसला की त्याने ‘थांब’ ओरडायचे, एवढेच त्याला सांगितले. तो मुलगा चपळ होता. तरीही ‘थांब’मधला ‘ब’ उच्चारला जाईपर्यंत रॅम तळाला पोचलेला असे. पाच वेळा केले, पाचही वेळा तसेच झाले.

तिसऱ्या आणि अंतिम मसुद्याचा आधार हा प्रयोगच आहे. संहिता मी नेहमीप्रमाणे दोन रकान्यांत लिहिली, डावीकडे दिसणारे आणि उजवीकडे ऐकू येणारे. प्रेस शॉपच्या गोंगाटात किंवा कँटीनमधील टीव्हीवर आवाज नीट पोचेलच असे नसते, म्हणून उजवा रकाना झाकून फक्त डावा वाचला तरी प्रसंग समजला पाहिजे, ही अट मी स्वतःला घातली. मधला भाग असा आहे :

काउंटर : ११४०. ऑपरेटर पेडल दाबतो, रॅम खाली येऊन वर जातो. पार्ट वरच्या डायला चिकटलेला. ऑपरेटर पाय पेडलवरून काढून जमिनीवर ठेवतो. पाय जवळून दिसतो. फ्लायव्हील फिरतच आहे. तेही तितक्याच जवळून दिसते. उजवा हात डायच्या कडेपर्यंत जातो. चित्र गोठते. आवाज पूर्ण बंद. पडद्यावर वीस सेकंद फक्त तो हात.

या वीस सेकंदांत प्रशिक्षकाने चित्रफीत थांबवायची आणि विचारायचे, “पाय कुठं आहे? मग आता प्रेस चालू की बंद?” सभागृहात येथे नेहमी दोन तट पडतात, आणि जुन्या नियमामागे दडलेला तो दुहेरी अर्थ कामगारांच्याच तोंडून बाहेर येतो. प्रशिक्षकासाठीच्या टिपणात मी स्पष्ट लिहिले आहे की ‘बंद’ म्हणणाऱ्याला चूक ठरवू नये, त्याला त्याचे कारण सांगू द्यावे. त्यानंतर रिकाम्या प्रेसचा प्रयोग दिसतो : जमिनीवरचा पाय, पाय न ठेवलेले पेडल, खाली येणारा रॅम आणि हेल्परची ‘थांब’ ही हाक, जी रॅम तळाला टेकल्यावर संपते. पेडल न दाबता रॅम दुसऱ्यांदा येतो हे दाखवण्यासाठी आम्ही बिघाड मुद्दाम घडवला नाही. चित्रीकरणात पेडल दूरवरून दांडीने दाबले आणि तसे निवेदनात सांगितले, कारण कामगारांना खोटे काही दाखवले की उरलेल्या खऱ्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. डबल का बसतो, ते काकांनी स्वतःच्या आवाजात दोन वाक्यांत सांगितले आहे. आपला हात मात्र दाखवू नये, अशी त्यांची इच्छा होती, आणि तो दाखवलेला नाही.

मग गोठलेले चित्र पुन्हा हलते. हात मागे येतो, प्रेसच्या बाजूला टांगलेला चिमटा उचलतो, पार्ट काढून पाहतो. तो निघत नाही. हात लाल बटन दाबतो. ऑपरेटर दोन पावले मागे जातो आणि सुपरवायझर येतात. मूळ मसुद्यात येथे सुपरवायझरच्या तोंडी सुरक्षेचे महत्त्व सांगणारी चार वाक्ये होती. ती काढून फक्त एक ठेवले : “सेटरला बोलावलंय, टाइम मी लिहितो.” ते तक्त्यातील नव्या रकान्यात लिहिताना दिसतात. व्यवस्थापनातील एकांना सुपरवायझर दाखवणेच अनावश्यक वाटत होते. मी त्या एका वाक्यासाठी दोन बैठका वाद घातला, कारण ऑपरेटरच्या हाताला मागे खेचण्याचे बळ चिमट्यापेक्षाही त्या वाक्यात अधिक आहे असे मला अजूनही वाटते. ती भूमिका तेथील खऱ्या सुपरवायझरांनी केली.

प्रशिक्षकाने घेतलेला वेळ सोडून हा प्रसंग ऐंशी सेकंदांचा झाला आणि त्यात सर्व मिळून चाळीसच्या आसपास शब्द आहेत. कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातील बरेच जण असल्याने हिंदी आवृत्तीही केली. ती मराठीचा अनुवाद करून बनवली नाही. त्याच ओळीवरील हिंदी बोलणाऱ्या दोघांना प्रसंग सांगितला आणि त्यांच्या तोंडी जे आले ते घेतले. हाकेची वेळ नव्याने मोजावी लागली, कारण ‘ए रुक’ ही हाक ‘थांब’पेक्षा किंचित आधी संपते. त्या आवृत्तीसाठी प्रयोग पुन्हा चित्रित केला. रॅम तेव्हाही आधी पोचला.

प्रश्नपत्रिका देऊन परिणाम तपासण्याची पद्धत मी टाळली. तीन आठवड्यांनी जुन्या प्रेसवर, मुख्य स्विचला कुलूप लावून आणि सेफ्टी ब्लॉक बसवून, आम्ही वरच्या डायला एक पार्ट चिकटवून ठेवला. मशीन कुलूपबंद आहे याची कल्पना देऊनच नऊ जणांना एकेक करून बोलावले आणि नेहमीसारखे काम सुरू करायला सांगितले. पहिल्यांदा हात कोठे जातो, एवढेच पाहायचे होते. सहा जणांचा हात चिमट्याकडे गेला. तिघांचा थेट डायकडे गेला, आणि त्यांतील दोघांनी कडेपाशी स्वतःच तो मागे घेतला.

त्या तिघांशी नंतर बोलताना लक्षात आले की तिघेही डावखुरे नसले तरी या प्रेसवर डाव्या हाताने पार्ट काढतात, कारण उजव्या बाजूला ब्लँकची ट्रॉली असते. चिमट्याचा हुक आम्ही उजव्या खांबावर बसवला होता आणि चित्रफितीतही तो उजवीकडेच दिसत होता. दुसऱ्या दिवशी देखभाल विभागाने डाव्या खांबावर दुसरा हुक ठोकला. मी संहितेच्या डाव्या रकान्यात ‘उजवा हात’ खोडून ‘डावा हात’ लिहिले आणि त्या सात सेकंदांचे पुन्हा चित्रीकरण करण्यासाठी रविवारची वेळ मागून घेतली.